डावे खाली, उजवे वर

शटर गुडघ्याइतकं वर गेलं आणि आतून सगळ्यात आधी बाहेर आली ती एक डावी चप्पल. गढूळ पाण्यावर डुलत, कुणी बोलावल्यासारखी. तिच्यामागे दुसरी डावी, मग बूट, मग सँडल, मग फुगून वर आलेल्या खोक्यांचा लगदा. सगळं डावं. एकसुद्धा उजवा पाय त्यात नव्हता.

ताईला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं. धाकट्या भावाचा माल चिखलात लोळताना बघून तिच्या पोटात जो गारवा पसरला, तसा गेल्या कित्येक वर्षांत पसरला नव्हता. मग पाणी तिच्या घोट्यापर्यंत आलं आणि तिला आठवलं की डाव्याशिवाय उजवा कुणी विकत घेत नाही.

या गोदामाची तऱ्हाच अशी होती. वडिलांच्या मागे पादत्राणांचा हा घाऊक धंदा दोन भावंडांच्या नावावर आला, आणि आल्या दिवसापासून दोघांचं तोंड दोन दिशांना. शेवटी वडिलांचे एक मित्र मध्ये पडले आणि तोडगा निघाला. प्रत्येक जोडीतला डावा पाय खालच्या मजल्यावर, धाकट्याच्या कुलपात. उजवा वरच्या मजल्यावर, ताईच्या कुलपात. गिऱ्हाईक आलं की हमालकाका जिन्यात उभे राहून खाली ओरडणार, "काळा बूट, आठ नंबर!" आणि वर ओरडणार, "काळा बूट, आठ नंबर!" मग मधल्या पायरीवर जोडी जमणार, बिल फाटणार, पैसे निम्मे निम्मे. बहीणभाऊ एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत. अख्खा बाजार हसायचा, पण धंदा चालायचा.

तोडगा धाकट्याच्या डोक्यातून निघाला होता, हे मात्र बाजार विसरला होता. ताई विसरली नव्हती. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा धाकटा दुसऱ्या शहरात मजेत होता आणि गोदाम ताई चालवत होती. कारखान्यांशी भांडणं तिने केली, उधाऱ्या तिने वसूल केल्या, ट्रक आला की खोकी स्वतः खांद्यावर मारली. वडील गेले आणि धाकटे साहेब आले. आल्या आल्या कुलपं बदलली आणि भर बाजारात, चार व्यापाऱ्यांच्या देखत म्हणाले, "माल कमी भरतोय. ताईच्या हाताला सवय लागलीय." आणि मध्यस्थांना सांगितलं, "अर्धीच जोडी तिच्याकडे ठेवा. नुसते उजवे पाय चोरून करणार काय?"

चोर! तो शब्द तेव्हा चिकटला तो चिकटलाच. त्यानंतर कुठल्याही दुकानात ती शिरली की मालकाची नजर आधी तिच्या पिशवीकडे जायची. मोजणीत माल भरला, एक पाय कमी निघाला नाही, पण त्याची ना कुणी माफी मागितली ना कुणी बाजारात सांगत फिरलं. ताई मूग गिळून वरच्या मजल्यावर बसली. बसून होती, एवढंच. थंड झाली नव्हती.

सकाळीच तिने विमा कंपनीला फोन करून पुराची खबर दिली, आणि लेखीही कळवलं. पॉलिसी फर्मच्या नावावर एकच, दोन्ही मजल्यांच्या मालाची, पुराचा धोका त्यात धरलेला. हप्ता वेळेवर गेलेला, कारण तो ताई भरायची. धाकटा हमालकाकांना घेऊन पाणी उपसायचा पंप शोधायला गेला. शहरातल्या प्रत्येक बुडालेल्या तळघराला त्या दिवशी पंप हवा होता, त्यामुळे तो लवकर परतायची चिन्हं नव्हती.

तो नसतानाच सर्व्हेअर आले. नुकसान मोजायला कंपनीने नेमलेला हा माणूस उंच, किडकिडीत, मांडीपर्यंत रबरी बूट चढवलेला आणि गळ्यात कॅमेरा. बोलायला मोकळा, पण डोळे सतत भिंतींवर.

"काही फेकलं तर नाही ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"एक दोरासुद्धा नाही."

"शाबास. लोक वास येतो म्हणून सगळं कचऱ्यात टाकतात आणि मग मला म्हणतात, साहेब, डोंगराएवढा माल होता. डोंगर मी कुठून बघू?"

त्यांनी भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेला टेप लावला, टेपसकट फोटो काढला. मागचा नाला जिथे फुटला होता त्या भिंतीचा फोटो काढला. फुगलेली खोकी, सुटलेले तळवे, चिकटलेलं चामडं, खोक्यावरचे नंबर दिसतील असे फोटो काढले. मग म्हणाले, "वर काय आहे?"

"वर कोरडं आहे. तुम्हाला त्याचं काय काम?"

"कोरडं आहे हेच तर बघायचं. काय बुडालं हे कळायला काय वाचलं हे आधी कळावं लागतं."

ताईने कुलूप काढलं. वर रांगोळीसारखी रचलेली खोकी, खिडकीतून येणारं ऊन, नव्या चामड्याचा वास. सर्व्हेअरांनी चार-सहा खोकी उघडली, आत बघितलं, पुन्हा उघडली आणि कॅमेरा खाली घेतला.

"ताई, हे सगळे एकाच पायाचे आहेत."

मग तिला सगळी कथा सांगावी लागली. सर्व्हेअर ऐकताना आधी हसले, मग त्यांचं हसू ओसरलं. खोलीच्या चारही कोपऱ्यांतून त्यांनी फोटो काढले. प्रत्येक फोटोवर तारीख आणि वेळ उमटत होती.

"आता स्पष्ट सांगतो," ते म्हणाले. "तुमच्या पॉलिसीत अट आहे. जोडीतला एक नग खराब झाला तर भरपाई त्या नगापुरतीच. म्हणजे डाव्यांची खरेदीची किंमत, जोडीच्या निम्मी. त्यातून भंगाराचे जे येतील ते वजा. उजवे धडधाकट आहेत, त्यांचं काही मिळणार नाही."

"आणि मी या उजव्यांचं काय करू?"

"ते पॉलिसीला विचारून उपयोग नाही. कारखान्याला विचारा."

ताईने तिथेच, त्यांच्यासमोर कारखान्याच्या मॅनेजरला फोन लावला. मॅनेजर जुना ओळखीचा. साचे अजून आहेत म्हणाला, नुसते डावे पाय बनवून देऊ म्हणाला, पण पैसे आधी. ताईने मनातल्या मनात हिशेब मांडला. भरपाई आली की डावे नवे, उजवे आहेतच, धंदा पुन्हा उभा. शिवाय मध्यस्थांकडे जाऊन वाटणी मागता येईल आणि कोपऱ्यावरचा तो गाळा घेता येईल, जिथे पाटीवर फक्त तिचं नाव असेल आणि जोड्या एकाच खोक्यात असतील. त्या गाळ्याचं स्वप्न ती इतकी वर्षं उराशी धरून होती. आज पहिल्यांदा ते हाताच्या अंतरावर आलं.

तिने नुकसानीची यादी तिथेच केली. जात, नंबर, खरेदीचा भाव, नगांची संख्या. साठ्याचं रजिस्टर आणि खरेदीची बिलं वरच्या कपाटात होती म्हणून वाचली होती, त्यांच्या प्रती जोडल्या. शेवटी लिहिलं, 'उजवे पाय वरच्या मजल्यावर सुरक्षित,' खाली सही केली आणि यादी सर्व्हेअरांच्या हातात दिली. दाव्याच्या अर्जावर दोन्ही भागीदारांच्या सह्या लागणार होत्या. अर्ज धाकटा आल्यावर भरायचा ठरला.

निघताना सर्व्हेअरांनी त्यांची नेहमीची तंबी दिली. "एक गोष्ट सगळ्यांना सांगतो, तुम्हालाही सांगतो. लबाडी करू नका. मागे एकाने भिजलेल्या मालात चांगला माल मिसळला. पाच पैशांच्या लोभात सगळाच दावा गेला. त्याच्या भागीदाराला बिचाऱ्याला पत्ता नव्हता, तरी त्याचंही गेलं. पॉलिसी फर्मची असते. फर्मच्या वतीने एकाने खोटं केलं की सगळ्यांचं बुडतं."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. मी ठरवत नाही, मी फक्त अहवाल लिहितो. पण असा अहवाल वाचून कुठली कंपनी पैसे देईल? असो. जेवून येतो, मग खालची मोजणी करू."

धाकटा पंपाशिवाय परतला. हमालकाकांना त्याने रांगेत उभं करून ठेवलं होतं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चेहरा उतरलेला. जिन्याच्या तळाशी उभा राहून त्याने वर पाहिलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, हमालकाकांच्या तोंडून नाही तर स्वतःच्या तोंडाने हाक मारली.

"ताई."

ती पायऱ्या उतरून आली. मधल्या पायरीवर थांबली.

"सर्व्हेअर आला होता म्हणे," तो म्हणाला. "समोरच्या दुकानदाराने सांगितलं. काय बघितलं?"

"खालचं पाणी बघितलं. जेवून येणार आहेत मोजायला."

यातला शब्द न् शब्द खरा होता. एवढंच की सगळं त्यात नव्हतं.

"मी चौकशी केलीय," धाकटा आवाज उतरवून म्हणाला. "नुसत्या डाव्यांचे अर्धेच पैसे देतात. अर्ध्यात कुणाचं भागतं गं? तुझे उजवे काय पुजायचेत? ऐक माझं. वरचा माल खाली आणू. आहे अजून पाणी. बुडवू, चिखल लावू, डाव्यांत मिसळू. सांगू की मोठी ऑर्डर होती, आदल्या दिवशीच जोड्या लावायला खाली आणल्या होत्या. पूर्ण जोडीचे पैसे. तुझे निम्मे, माझे निम्मे. किल्ली दे."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. ज्याने तिला भर बाजारात चोर म्हटलं तो आता हात पसरून उभा होता आणि चोरीची किल्ली मागत होता. वरच्या कोरड्या खोलीचे फोटो, तारखेसकट, वेळेसकट, कोपऱ्यावरच्या खाणावळीत कॅमेऱ्यात बसले होते. तिला काही करायचं नव्हतं. काही बोलायचंसुद्धा नव्हतं. नुसता हात पुढे करायचा होता.

आणि हात पुढे केला की गाळाही गेला, नवे डावेही गेले, आणि ज्यांना तिने वर्षानुवर्षं कसर लागू दिली नाही ते उजवेही चिखलात गेले. हे तिला लख्ख दिसत होतं. कुणी म्हणेल, रागाच्या भरात सुचलं नाही. छे! तिला सगळं सुचलं होतं.

तिने कमरेची किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

धाकट्याने आयुष्यात कधी ओझं उचललं नव्हतं. आज पोत्यांत खोकी भरून तो वर-खाली करू लागला. धापा टाकत, घसरत, कडेला टेकत. ताई पायरीवर बसून बघत होती. त्याने पहिलं खोकं उपडं केलं आणि पांढरे शाळेचे बूट पाण्यात पडले, तेव्हा तिच्या छातीत कळ आली. तो माल तिने निवडून मागवला होता. पण कळ आली तशी गिळली.

हळूहळू त्याला हुरूप चढला. चिखलात हात घालून तो जोड्या लावायला लागला, कुठला उजवा कुठल्या डाव्याचा ते शोधायला लागला आणि मध्येच हसला.

"ताई, आठवतं? बाबा पोतं ओतायचे आणि म्हणायचे, जो आधी दहा जोड्या लावेल त्याला गोळी. तू नेहमी जिंकायचीस."

"तू रडायचास," ती म्हणाली. तोंडातून निघूनच गेलं.

"मग तू तुझी गोळी अर्धी तोडून द्यायचीस. दाताने."

तिला आठवलं. गोळीचा चिकट तुकडा, त्याचं शेंबडं नाक, बाबांचं हसणं. तो वर बघत होता, गालाला चिखल लागलेला, आणि क्षणभर तो खरंच तेवढाच दिसला. ताई उठली. अजून अर्ध्याहून जास्त माल वर होता. अजून सांगता येत होतं. अरे थांब, सर्व्हेअरांनी वर येऊन फोटो काढलेत, हे सगळं पुसून पुन्हा वर ने, आणि अर्जावर नुसते डावे लिही. एवढी दोन वाक्यं. ती एक पायरी उतरली. दुसरी उतरली. तोंड उघडलं.

"अरे, ऐक..."

"काय? घाबरलीस?" तो हसत म्हणाला आणि गमतीने डोळा मिचकावला. "तू कशाला घाबरतेस? या कामात तर मला तुझीच शिकवणी लावायला हवी. माझा हात नवा आहे, तुझा तर मुरलेला."

तो हे चेष्टेत म्हणाला. त्याच्या मनात त्या घडीला काही नव्हतं. आणि हेच वाईट होतं. इतक्या वर्षांत त्याला एकदाही शंका आली नव्हती की आपण म्हटलं ते खोटं होतं. त्याच्या लेखी ती चोर होती, आता घरचीच चोर होती, कामाला आलेली चोर होती. त्याच्या आवाजात माया होती आणि त्या मायेतसुद्धा ती चोरच होती.

ताईने तोंड मिटलं.

"काय सांगत होतीस?"

"शाळेचे बूट भिंतीच्या बाजूला टाक म्हणत होते," ती म्हणाली. "तिथे पाणी जास्त आहे."

आणि परत वर जाऊन पायरीवर बसली.

सर्व्हेअर आले तेव्हा वरची खोली रिकामी झाली होती आणि धाकट्याची यादी तयार होती. त्याने स्वतःच्या हाताने लिहिली होती, डावे-उजवे मिळून पूर्ण जोड्या, पूर्ण भाव, खाली फर्मचा शिक्का आणि त्याची सही. ताईला त्याने पेन दिलं होतं. ती म्हणाली होती, "तुझी यादी आहे, तू कर. माझी सही मागून." घाईत त्याने ते मनावर घेतलं नव्हतं.

"या साहेब!" धाकटा पुढे झाला. "बघा काय दशा झालीय. मोठी ऑर्डर होती हो, आदल्या दिवशीच सगळ्या जोड्या खाली लावल्या होत्या. ताईचे उजवेसुद्धा. एक पाय वाचला नाही."

सर्व्हेअरांनी यादी हातात घेतली, सावकाश वाचली. मग पाण्यात वाकून पांढरा शाळेचा बूट उचलला. उजवा. बाहेरून चिखल, पण आत बोट घातलं तर कागदाचा बोळा अजून कोरडा, कडक होता. दाबला तर कुरकुरला. त्यांनी बूट परत ठेवला, जिन्यावर बसलेल्या ताईकडे बघितलं आणि मग कॅमेऱ्याचा पडदा धाकट्यासमोर धरला.

वरची खोली. ऊन. रचलेली खोकी. एका उघड्या खोक्यात पांढरे शाळेचे बूट, सगळे उजवे. कोपऱ्यात तारीख आजची, वेळ सकाळची.

धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. "हे... हे कधी..."

"तुम्ही पंप आणायला गेला होता तेव्हा."

धाकट्याने यादी परत घ्यायला हात पुढे केला. सर्व्हेअरांनी ती फाईलमध्ये ठेवली होती.

"फाडून टाका साहेब. चूक झाली. नुसत्या डाव्यांची देतो."

"दिलेली यादी मला फाडता येत नाही. मी काय बघितलं आणि काय दिलं गेलं, दोन्ही लिहावं लागतं." ते ताईकडे वळले. त्यांचा आवाज जरा मऊ झाला. या बाईने सकाळी खरी यादी दिली होती, आणि आता भावापायी तिचंही बुडणार हे त्यांना दिसत होतं. "तुमचा जबाबही लागेल, ताई. फर्मचा दावा वाचेल असं मी म्हणत नाही. पण तुमचा यात हात नव्हता एवढं तरी कागदावर येईल. हे तुमच्या नकळत झालं, असं लिहू?"

धाकट्याने मान वर केली. तो रडवेला झाला होता, पण बहिणीवर त्याचा संशय नव्हता. नशीब फुटलं, सर्व्हेअर नको तेव्हा आला, एवढंच त्याच्या डोळ्यांत होतं. उद्या तो बाजारात सांगेल, पुराने खाल्लं. पंप मिळाला नाही म्हणून खाल्लं. ताई 'हो' म्हणाली असती तर ती स्वच्छ सुटली असती. आणि हे कुणी केलं ते त्याला मरेपर्यंत कळलं नसतं.

तेच तिला नको होतं. तिच्यावर चिखल टाकणाऱ्याने चार माणसांत, नाव घेऊन टाकला होता. तिला उत्तरही नाव घेऊनच द्यायचं होतं.

"नकळत नाही," ती म्हणाली. "किल्ली मी दिली."

सर्व्हेअरांचं पेन थांबलं.

"तुम्ही वरचे फोटो काढलेत हे मला माहीत होतं. एकाने खोटं केलं की सगळं जातं, हे तुम्हीच सांगितलंत, तेही माहीत होतं. तो माझा माल बुडवत होता आणि मी इथे बसून बघत होते. त्याला थांबवायला माझी दोन वाक्यं पुरली असती."

"ताई," सर्व्हेअर सावध करत म्हणाले, "हे असं लिहिलं तर तुमचं काही उरणार नाही. नावसुद्धा."

"नाव त्याने आधीच घालवलंय."

धाकटा तिच्याकडे बघत होता. आधी त्याला अर्थच लागला नाही, मग तो हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर उतरला आणि तो भिंतीला टेकला. "तुझंही गेलं गं," तो पुटपुटला. "माल, पैसे, सगळं. तुझंही तर गेलं."

"गेलं."

"एवढा राग?"

"एवढा."

ती पायऱ्या उतरून पाण्यात आली. डाव्या-उजव्या जोड्या तिच्या पायांना लागत होत्या, इतक्या वर्षांनी सगळ्या एका ठिकाणी आलेल्या. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. सर्व्हेअरांनी जबाब लिहून पूर्ण केला आणि कागद तिच्यापुढे धरला.

"सही कुठे करू?" तिने विचारलं.